घरच्या व्हिडिओला मराठी सबटायटल: आपोआप आलेला मजकूर आणि वेळ कशी दुरुस्त करायची

माझ्या आत्याने वर्षाचा गोडा मसाला करताना जे सांगितलं ते मी फोनवर रेकॉर्ड केलं. साधारण 18 मिनिटांचा व्हिडिओ. स्वयंपाकघरात काढलेला, मागे कढईत उलथनं वाजतंय, मधूनच कुकरची शिट्टी. काकांना हल्ली कमी ऐकू येतं, त्यांना तो टीव्हीवर बघायचा होता, म्हणून त्याला मराठी सबटायटल्स घातली. सगळं हाताने टाइप करण्यापेक्षा आधी संगणकाकडून मजकूर लिहून घ्यायचा आणि मग तो दुरुस्त करायचा, हा मार्ग कितीतरी सोपा आहे. पण दुरुस्तीचा क्रम चुकला की तेच काम दोनदा करावं लागतं. तो क्रम आणि वाटेतले खड्डे इथे लिहितोय.

काय काय लागेल

- विंडोजचा संगणक. ग्राफिक्स कार्ड असेल तर काम लवकर होतं, नसेल तरी होतं.
- सबटायटल एडिट हा मोफत प्रोग्रॅम. खाली दिलेली मेनूची नावं 4.0 मालिकेतली आहेत, नव्या आवृत्तीत त्यांची जागा बदललेली असू शकते.
- त्याच प्रोग्रॅममधून उतरवता येणारं व्हिस्पर. बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं हे मॉडेल ओपनएआयने 2022 मध्ये खुलं केलं. त्याला मराठी येते आणि ते तुमच्याच संगणकावर चालतं, त्यामुळे घरचा व्हिडिओ कुठेही अपलोड करावा लागत नाही.
- मराठी टायपिंग. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड मिळतो.
- कानात घालायचे हेडफोन. स्पीकरवर ऐकून दुरुस्ती करू नका, शब्दांची टोकं ऐकू येत नाहीत.

## 1. आधी व्हिडिओ कापून अंतिम करा

सुरुवातीचा "चालू झालं का?" कापायचा असेल, मधला फोन आलेला भाग काढायचा असेल, तर ते सबटायटलच्या आधी उरका. सबटायटलची फाइल म्हणजे अमुक सेकंदापासून तमुक सेकंदापर्यंत ही ओळ दाखव, अशी नुसती यादी असते. नंतर मधला अर्धा मिनिट कापलात तर त्यापुढची प्रत्येक ओळ अर्धा मिनिट उशिरा येणार.

कापून झालेल्या फाइलला साधं इंग्रजी नाव द्या, मोकळी जागा न ठेवता. मी `masala.mp4` दिलं. पुढे सगळीकडे हेच नाव लागेल.

## 2. कच्चा मजकूर काढा

सबटायटल एडिट उघडून `Video` मेनूतून `Open video file` ने व्हिडिओ घ्या. मग त्याच मेनूत `Audio to text (Whisper)` निवडा. पहिल्यांदा प्रोग्रॅम एक-दोन पूरक फाइली उतरवायची परवानगी विचारतो, ती द्या.

पुढच्या खिडकीत तीन गोष्टी नीट बघा.

पहिली, भाषा. ती आपोआप ओळखायला सोडू नका, `Marathi` स्वतः निवडा. सुरुवातीला नुसता आवाज किंवा एखाददुसरा शब्दच असेल तर मॉडेल मराठीला हिंदी समजतं आणि मग सगळी फाइल "मैं", "है" अशा हिंदी वळणाने लिहितं. लिपी एकच असल्यामुळे वरवर बघताना हे लवकर लक्षात येत नाही.

दुसरी, `Translate to English` या चौकटीत खूण नसावी. ती असेल तर तुम्हाला मराठी मजकूर मिळणारच नाही.

तिसरी, मॉडेलचा आकार. `small` सुमारे अर्ध्या जीबीचं, `medium` दीड जीबीचं आणि `large` तीन जीबीच्या आसपास. इंग्रजीला `small` पुरतं. मराठीला पुरत नाही. जोडाक्षरं तुटतात, विभक्तीचे प्रत्यय गळतात, आणि दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने लिहिलेलं बरं अशी वेळ येते. `large-v2` किंवा `large-v3` घ्या. ग्राफिक्स कार्ड नसेल तर व्हिडिओच्या लांबीच्या कितीतरी पट वेळ लागेल, म्हणून रात्री लावून झोपा.

ज्यांना कमांड चालवायची सवय आहे आणि ज्यांच्याकडे व्हिस्पर वेगळं बसवलेलं आहे, त्यांना हेच असं करता येईल:

```
whisper masala.mp4 --language mr --task transcribe --model large-v3 --output_format srt --condition_on_previous_text False
```

शेवटचा पर्याय मी मुद्दाम घातलाय. त्याशिवाय मॉडेल आधी लिहिलेल्या वाक्याच्या आधाराने पुढचं लिहितं, आणि एकदा अडकलं की तेच वाक्य पानभर उमटत राहतं. मसाला भाजतानाच्या लांब शांततेत हे हमखास होतं.

मजकूर आला की लगेच `File` मेनूतून `masala-kaccha.srt` नावाने जतन करा आणि त्या फाइलला पुन्हा हात लावू नका. दुरुस्तीसाठी तिचीच `masala.srt` नावाची दुसरी प्रत करा, पुढचं सगळं काम त्या प्रतीत. फॉरमॅट `SubRip`, एन्कोडिंग `UTF-8`. दुसरं एन्कोडिंग राहिलं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील.

## 3. आधी शब्द, मग वेळ

हे सगळ्यात महत्त्वाचं. ओळी सरकवायचा मोह पहिल्याच मिनिटाला होतो. आवरा. शब्द दुरुस्त करताना काही ओळी पूर्ण पुसल्या जातात, काही तुटतात, काही जोडल्या जातात. आधीच वेळ जुळवून ठेवलीत तर ती मेहनत वाया जाते.

पहिली फेरी पुसण्याची. जिथे कुणीच बोलत नाही आणि तरी मजकूर आहे, ती ओळ काढून टाका. नुसत्या खणखण वाजणाऱ्या कढईवर मला "धन्यवाद" लिहिलेलं मिळालं. आवाज आहे पण बोलणं नाही, अशा जागी मॉडेल आपल्या मनचं भरतं. एकाखाली एक तीच ओळ आली असेल तर तिथेही थांबून ऐका. काही वेळा त्या पुनरुक्तीखाली खरं बोलणं दडपलेलं असतं आणि ते हाताने लिहावं लागतं.

दुसरी फेरी ऐकून दुरुस्त करण्याची. एक ओळ लावा, ऐका, सुधारा, पुढे जा. चुका दोन जातींच्या असतात, आणि दोन्हींकडे बघण्याची नजर वेगळी लागते.

एक जात दिसताक्षणी खटकणारी. आत्या "शहाजिरं" म्हणाली तिथे "शहाजी रे" आलं, "दगडफूल"चं "दगड फुल" झालं, "नागकेशर"चं "नाग केसर". असे शब्द व्हिडिओभर परत परत येतात, म्हणून ते एकेक न सुधारता `Ctrl+H` ने एकदम बदला. मसाल्यांची, गावांची, नातेवाइकांची नावं कागदावर आधीच लिहून घेतलीत तर ही फेरी फार लवकर संपते.

दुसरी जात घातक, कारण ती वाचताना बरोबर वाटते. आत्या म्हणाली, "तीळ आदपाव घ्यायचे." आदपाव म्हणजे अर्धा पाव, आजच्या मापात साधारण सव्वाशे ग्रॅम. मॉडेलने लिहिलं, "तीळ आज पाव घ्यायचे." वाक्य मराठी आहे, शुद्धलेखन बरोबर आहे, आणि वाचणारा दुप्पट तीळ घेणार. म्हणून दीड, अडीच, पाऊण, सव्वा, आदपाव अशी मापं आणि "नको", "नाही", "न घालता" असे नकार जिथे जिथे येतात तिथे ओळ पुन्हा ऐका, मग ती कितीही ठीक दिसू दे. पटकन बोललेला नकार गळण्याची शक्यता बरीच असते.

एक खास मराठी खड्डा "ऱ्या"चा. "करणाऱ्या", "दुसऱ्या", "सुऱ्या" यांच्या जागी "करणार्या", "दुसर्या", "सुर्या" असं येतं. `Ctrl+H` ने सगळीकडे "र्या" काढून "ऱ्या" घालावं असं वाटेल, पण तसं करू नका. "कार्यालय" आणि "मर्यादा" यांचीही वाट लागेल. `Replace All` न वापरता एकेक बघत बदला.

आता बोलीचा प्रश्न. आत्या "म्हणलं" म्हणते, "हिकडं" म्हणते, "भाजून घेतलेत का, मग" असं उलटं वाक्य बोलते. मॉडेल यातलं बरंचसं प्रमाण मराठीत ओढतं. मी ते परत तिच्या बोलण्याप्रमाणे केलं, आणि तुम्हीही करा असं आग्रहाने सांगेन. घरच्या व्हिडिओची किंमत त्या माणसाच्या बोलण्यात आहे. शिवाय ज्याला थोडं ऐकू येतं तो ओठ आणि अक्षरं एकत्र बघत असतो. ओठ "हिकडं" म्हणतात आणि अक्षरं "इकडे", म्हणजे त्याचा गोंधळच. अडखळणं मात्र गाळायला हरकत नाही. "ते हे, ते आपलं, काय ते" एवढं सगळं लिहिलं तर वाचायला वेळ पुरत नाही.

दोघं एकदम बोलत असतील तर एकाच सबटायटलमध्ये दोन ओळी करून प्रत्येकीच्या सुरुवातीला डॅश द्या. कोण बोलतंय ते चित्रात दिसत असेल तर नाव लिहायची गरज नाही. काकांसारख्या प्रेक्षकासाठी अर्थ असणारे आवाज चौकटी कंसात लिहा: [कुकरची शिट्टी], [खलबत्त्याचा आवाज]. आत्या शिट्टी ऐकून वळून बघते, ते का, हे त्याशिवाय कळत नाही.

## 4. ओळी तोडा आणि वेळ जुळवा

शब्द पक्के झाले की प्रोग्रॅमच्या खालच्या पट्टीत क्लिक करून आवाजाचा आलेख, म्हणजे वेव्हफॉर्म, काढून घ्या. बोलणं आहे तिथे उंच लाटा आणि शांततेत सपाट रेघ दिसते. प्रत्येक सबटायटल त्यावर एका पट्ट्यासारखं दिसतं आणि त्याच्या कडा माऊसने ओढता येतात.

व्हिस्परच्या वेळेत ठरावीक दोष असतात. बोलणं सुरू होण्याआधीच ओळ येते, खास करून शांततेनंतरची. शेवट पुढच्या शांततेत लोंबकळत राहतो. आणि एकेक ओळ फार लांब असते. माझ्या फाइलमधला हा तुकडा बघा, शब्द सुधारायच्या आधीचा:

```
14
00:02:10,000 --> 00:02:19,480
मग धने अर्धा किलो घ्यायचे आणि तीळ आज पाव आणि शहाजी रे दोन चमचे दगड फुल मात्र शेवटी
```

साडेनऊ सेकंद एवढी मोठी ओळ पडद्यावर. यातलं "दगडफूल मात्र शेवटी" आत्याने बऱ्याच वेळाने, हातातला डबा ठेवून सांगितलं, पण प्रेक्षक ते आधीच वाचून बसतो. वेव्हफॉर्ममध्ये दिसलं की बोलणं 2 मिनिटं 11 सेकंदांनंतर सुरू होतंय आणि दगडफुलाच्या आधी स्पष्ट विराम आहे.

तोडण्यासाठी मजकुराच्या चौकटीत कर्सर हव्या त्या जागी ठेवून उजवं क्लिक करा आणि `Split line at cursor position` निवडा. प्रोग्रॅम वेळेची वाटणी अंदाजाने करतो, ती वेव्हफॉर्म बघून सुधारायची. शेवटी हे झालं:

```
14
00:02:11,250 --> 00:02:13,900
मग धने अर्धा किलो घ्यायचे

15
00:02:13,980 --> 00:02:17,150
आणि तीळ आदपाव,
शहाजिरं दोन चमचे.

16
00:02:17,600 --> 00:02:19,900
दगडफूल मात्र शेवटी.
```

सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यामध्ये स्वल्पविराम आहे हे लक्षात ठेवा. नोटपॅडमध्ये हाताने दुरुस्त करताना तिथे टिंब पडलं, किंवा दोन सबटायटल्समधली रिकामी ओळ पुसली गेली, की काही प्लेअर तेवढा भाग दाखवत नाहीत.

जुळवताना मी हे पाळतो. ओळ आवाज सुरू होताना यावी, आधी नाही. बोलणं संपल्यावर पुढे शांतता असेल तर ती अर्धा सेकंद थांबली तरी चालते, वाचणाऱ्याला तेवढा आधार मिळतो. एकामागून एक येणाऱ्या दोन सबटायटल्समध्ये दोन फ्रेमइतकी फट ठेवा. 25 फ्रेमच्या व्हिडिओत ती 80 मिलिसेकंद होते, वरच्या 14 आणि 15 मध्ये आहे तेवढीच. फट नसेल तर मजकूर बदलला हे डोळ्याला कळत नाही. "हो", "बरं" अशी एका शब्दाची ओळसुद्धा साधारण सेकंदभर राहू द्या, आणि सात सेकंदांपेक्षा लांब काही ठेवू नका.

तोडायचं कुठे? जिथे बोलणारा श्वास घेतो तिथे. माप आणि वस्तू वेगळी करू नका: एका ओळीच्या शेवटी "अर्धा किलो" आणि दुसऱ्या ओळीत "धने" असं झालं तर वाचणारा अडखळतो. "भाजल्या" आणि "नंतर", "कढई" आणि "मध्ये" यांचीही फारकत नको. दोनपेक्षा जास्त ओळी कधीच नकोत.

ओळ वाचायला फार भरभर जात असेल तर सबटायटल एडिट ती लाल करून दाखवतं. देवनागरीत या लाल रंगाला फार घाबरू नका. प्रोग्रॅम मात्रा, वेलांट्या आणि हलन्त हेही अक्षर म्हणून मोजू शकतो. "स्त्री" हे आपण एक अक्षर म्हणून वाचतो, संगणकाच्या हिशोबी ती सहा चिन्हं आहेत. त्यामुळे दर सेकंदाला किती अक्षरं येतात हा आकडा फुगलेला दिसतो. खरी कसोटी म्हणजे ओळ मनात नव्हे, ओठ हलवत वाचून पाहणं. ती दिसेनाशी व्हायच्या आत वाचून झाली तर वेळ पुरेसा आहे. पुरत नसेल तर ओळीतला एखादा "आणि", "मग" काढा. अर्थाला धक्का न लावता जागा होते.

## 5. सगळीच सबटायटल्स सरकलेली असतील तर

एकेक ओढत बसण्याआधी सरकण्याची जात ओळखा. व्हिडिओच्या सुरुवातीची एक आणि अगदी शेवटची एक ओळ तपासा.

दोन्ही सारख्याच अंतराने मागे किंवा पुढे असतील, तर बहुधा सुरुवात कापल्यामुळे झालं आहे. व्हीएलसीमध्ये व्हिडिओ लावून `G` आणि `H` दाबत राहा. प्रत्येक दाबाला सबटायटल 50 मिलिसेकंद लवकर किंवा उशिरा येतं आणि फरक पडद्यावर दिसतो. ते मोजमाप घेऊन सबटायटल एडिटच्या `Synchronization` मेनूतल्या `Adjust all times` मध्ये घाला. व्हीएलसीमधला बदल फाइलमध्ये जतन होत नाही, तो फक्त मोजण्यापुरता.

सुरुवातीला बरोबर आणि शेवटी दोन-तीन सेकंदांचा फरक असेल, तर व्हिडिओचा वेग बदललेला आहे. फोन सहसा फ्रेमचा वेग कमीजास्त करत रेकॉर्ड करतात, आणि एखादा एडिटर तो व्हिडिओ ठरावीक वेगात बदलताना आवाज हळूहळू सरकवतो. जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या लग्नाच्या व्हिडिओंतही हे दिसतं. इथे सगळं एकसारखं सरकवून उपयोग नाही. `Visual sync` मध्ये सुरुवातीची एक ओळ आणि शेवटची एक ओळ जागेवर बसवा, मधलं सगळं त्या प्रमाणात ताणलं जातं.

मधूनच एका ठिकाणापासून पुढे सगळं चुकत असेल, तर त्या जागी व्हिडिओ कापला गेला आहे. तिथून शेवटपर्यंतच्या ओळी निवडा आणि फक्त निवडलेल्या ओळी सरकवा.

## 6. व्हिडिओला जोडा

सर्वांत सोपं म्हणजे `masala.mp4` आणि `masala.srt` एकाच नावाने एकाच फोल्डरमध्ये ठेवणं. व्हीएलसी ते आपोआप उचलतं. पेनड्राइव्हवरून टीव्हीला लावायचं असेल तर आधी दोन मिनिटं तपासा. पुष्कळ टीव्हींमध्ये देवनागरीचा फाँट नसतो आणि अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, किंवा "कि" मधली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते. तुमची फाइल बरोबर असते, टीव्हीला ती काढता येत नसते.

तसं झालं, किंवा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल, तर अक्षरं चित्रातच छापावी लागतात. `Video` मेनूत `Generate video with burned-in subtitle` आहे. फाँट `Nirmala UI` किंवा `Noto Sans Devanagari` घ्या. अक्षरांमागे गडद पट्टी ठेवा, कारण स्टीलच्या डब्यांवर आणि पांढऱ्या टाइल्सवर पांढरी अक्षरं हरवतात. पूर्ण व्हिडिओ छापायच्या आधी कापलेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा छापून बघा, तोही ज्याच्यासाठी करताय त्याच्या खुर्चीवरून. संगणकावर मोठी वाटणारी अक्षरं दहा फुटांवरून बारीक दिसतात.

छापलेली अक्षरं पुन्हा काढता येत नाहीत. म्हणून अक्षरं नसलेला मूळ व्हिडिओ, दुरुस्त केलेली `.srt` आणि छापलेली प्रत, तिन्ही एका फोल्डरमध्ये ठेवा. कुणाला तरी पुढे इंग्रजी किंवा कन्नड सबटायटल्स हवी असतील, तर दुरुस्त `.srt` ची प्रत करून नुसता मजकूर बदलायचा. वेळ पुन्हा जुळवायला लागत नाही.